शार्प आणि सॉफ्ट बुकी

क्रीडा सट्ट्यात भाव ठरवण्याच्या आणि गिऱ्हाईक सांभाळण्याच्या रीतीवरून बुकींचे हे दोन प्रकार मानले जातात. शार्प बुकी थोड्या मार्जिनवर, म्हणजे भावात धरलेल्या स्वतःच्या नफ्यावर, मोठ्या पैजा घेतो आणि जिंकणाऱ्याला हाकलत नाही. जाणकारांचा पैसा एका बाजूला आला की तो भाव लगेच हलवतो, त्यामुळे सामना जवळ येईल तसा त्याचा भाव खऱ्या शक्यतेच्या जवळ सरकतो. १९९८ साली सुरू झालेली पिनॅकल ही सट्टा कंपनी हे याचे नेहमी दिले जाणारे उदाहरण. सॉफ्ट बुकीचा धंदा हौशी गिऱ्हाइकांवर चालतो. जाहिरात, बोनस आणि जास्त मार्जिन ही त्याची साधने. त्याचे भाव उशिरा हलतात.

या उशिरातच पैज लावणाऱ्याला संधी असते. शार्प भावातून मार्जिन काढले की रास्त भाव मिळतो. समजा, एका फुटबॉल सामन्यात शार्प बुकीचे भाव यजमान २.००, बरोबरी ३.६० आणि पाहुणे ४.०० असे आहेत, म्हणजे यजमान जिंकले तर १ पौंडाचे मुद्दलासह २ पौंड मिळतात. प्रत्येक भावाने १ ला भागले की ५०, २७.८ आणि २५ टक्के येतात. बेरीज १०२.८ होते, वरचे २.८ हे मार्जिन. ५० ला १.०२८ ने भागल्यावर यजमानांची शक्यता ४८.६ टक्के, म्हणजे रास्त भाव सुमारे २.०६. दुसरीकडे कोणी २.१५ देत असेल, तर १०० पौंडांच्या पैजेमागे सरासरी साडेचार पौंडांचा फायदा दिसतो. २.०४ मिळत असेल, तर शार्प भावापेक्षा सरस असूनही ती पैज तोट्याचीच. नवखे नेमके इथे फसतात.

मार्जिन असे सरसकट वाटून काढणे दुबळ्या संघांच्या बाबतीत दगा देते. मोठ्या भावांवर मार्जिन सहसा जास्त लादलेले असते, त्यामुळे १५ किंवा २० च्या भावात नसलेला फायदा दिसू लागतो. छोट्या लीगमध्ये, सामन्याच्या बरेच दिवस आधी, शार्प बुकीही कमी रकमेच्याच पैजा घेतो. तो भाव अजून कच्चा असतो आणि त्याला मापदंड मानणे धोक्याचे. निवड बरोबर होती का, हे एकदोन निकालांवरून कळत नाही. सामना सुरू होतानाच्या शार्प भावातून मार्जिन काढून पाहावे: आपण घेतलेला भाव त्याहून वरचा, असे शेकडो पैजांत सातत्याने दिसले, तर पद्धत खरी.

खरी अडचण गणितात नाही. संशोधक लिसांड्रो काउनित्झ आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अनेक बुकींच्या सरासरी भावाला मापदंड धरून अशीच पद्धत तपासली. प्रत्यक्ष पैजांतही फायदा झाला, पण काही महिन्यांतच बुकींनी त्यांच्या खात्यांवर बंधने आणली. सॉफ्ट बुकी निकालापेक्षा घेतलेले भाव पाहतो; सतत चढा भाव उचलणारे खाते, हरत असले तरी, त्याच्या नजरेत भरते आणि मग पैजेची कमाल रक्कम काही पौंडांवर येते.