एकाच बॉयलरमधले पाणी आणि कॉफी जळण्याचा गैरसमज

“हीट एक्स्चेंजर एस्प्रेसो यंत्रात वाफेच्याच बॉयलरमधले पाणी कॉफीवर पडते, म्हणून ती जळते, ड्युअल बॉयलरच घ्यावा ना?”

बॉयलरमधले पाणी कॉफीपर्यंत पोहोचतच नाही. वाफेसाठी ते सुमारे १२० अंश सेल्सियसवर ठेवलेले असते आणि त्यातून जाणाऱ्या बंद नळीतून टाकीतले ताजे पाणी वाहताना तापत जाते, ते कॉफीवर साधारण ९३ अंशांना पडावे अशा बेताने नळी व ग्रुप, म्हणजे कॉफीवर पाणी सोडणारा भाग, घडवलेले असतात. १९६१ च्या फाएमा ई६१ या एस्प्रेसो यंत्रातही हीच रचना होती.

जळकी चव येते ती यंत्र बराच वेळ नुसते तापत राहिल्यावर, कारण नळीत थांबलेले पाणी उकळबिंदूपलीकडे जाते. अशा वेळी कॉफी न लावता पाणी सोडावे. आधी ते फसफसत, वाफा टाकत येते आणि आवाज थांबून धार शांत झाली की अतितप्त पाणी निघून गेले असे समजावे. लगेच दुसरा कप काढायचा असल्यास बहुधा याची गरज पडत नाही.

ड्युअल बॉयलरमध्ये कॉफीचे पाणी वेगळ्या बॉयलरमध्ये ठरवलेल्या तापमानावर राहते. हलक्या भाजणीसाठी ते दोन अंश वाढवायचे असेल, तर वाफेला धक्का न लावता वाढवता येते, आणि माझ्या मते जादा पैसे मोजण्याचे खरे कारण हेच आहे.