बीएमआय, आदर्श वजन आणि ऊर्जेची गरज : तोंडी परीक्षेतल्या तीन आकड्यांची पार्श्वभूमी

कोल्हापुरात पोषण आणि आहारशास्त्र शिकणाऱ्या विद्यार्थिनी व्हायवाच्या आधी जी आदर्श उत्तरे एकमेकींच्या वहीतून उतरवून घेतात, त्यांत तीन प्रश्न हमखास असतात : बॉडी मास इंडेक्स म्हणजे बीएमआय कसा काढाल, आदर्श वजन किती धराल आणि या व्यक्तीला दिवसाला किती कॅलरी लागतील. वहीतले उत्तर बहुधा एका सूत्राचे असते आणि ते बरोबरही असते. मात्र बाहेरून आलेले परीक्षक "हे सूत्र कोणासाठी तयार झाले आणि तुम्ही ते या व्यक्तीला का लावले?" असे विचारतात, तेव्हा पाठ केलेली ओळ पुरत नाही. या तिन्ही आकड्यांचा जन्म वेगवेगळ्या कामांसाठी झाला आणि त्यांतले एकही काम मुळात आहारतज्ज्ञाचे नव्हते, हे लक्षात घेतले तरच उत्तर नीट देता येते.

समजण्यासाठी एक काल्पनिक उदाहरण घेऊ. राजारामपुरीतील एका पतसंस्थेत दिवसभर टेबलाशी बसून काम करणारी २८ वर्षांची स्त्री आहे, तिची उंची १५२ सेंटिमीटर आणि वजन ६० किलो आहे, ती गरोदर नाही आणि तिच्या अंगावर सूज नाही. शेवटच्या दोन गोष्टी उत्तरात मुद्दाम सांगाव्यात, कारण गरोदरपणात किंवा सूज असताना वजनकाट्यावरचा आकडा चरबी-स्नायूंविषयी काहीच खात्रीने सांगत नाही.

बॉडी मास इंडेक्सचे मूळ बेल्जियममधील खगोलशास्त्रज्ञ आणि संख्याशास्त्रज्ञ अडॉल्फ केटले यांच्या कामात आहे. १८३५ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात त्यांनी ‘सरासरी माणसा’चे वर्णन आकड्यांत करण्याचा प्रयत्न केला. माणसाचे शरीर सर्व बाजूंनी सारख्या प्रमाणात वाढत असते, तर वजन उंचीच्या घनाच्या प्रमाणात वाढले असते. पण प्रौढ माणसांच्या नोंदींत ते साधारणपणे उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढलेले त्यांना आढळले. लठ्ठपणा मोजणे हा त्यांचा हेतूच नव्हता. पुढे १९७२ साली अमेरिकी संशोधक ॲन्सेल कीज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाच देशांतील पुरुषांच्या मोजमापांवर वेगवेगळे निर्देशांक ताडून पाहिले, त्वचेखालील चरबीच्या जाडीशी आणि उंचीशी त्यांचा संबंध तपासला आणि केटले यांच्या ‘वजन भागिले उंचीचा वर्ग’ या गुणोत्तराला ‘बॉडी मास इंडेक्स’ हे नाव दिले. म्हणजे ज्या अभ्यासाने हे नाव रूढ केले त्यात स्त्रिया नव्हत्याच. शिवाय त्याचा भर समूहांच्या तुलनेवर होता, एकेका रुग्णाच्या निदानावर नव्हता.

आपल्या उदाहरणात उंची १.५२ मीटर आहे, तिचा वर्ग २.३१ येतो आणि ६० ला त्याने भागले की बीएमआय सुमारे २६ मिळतो. येथे सर्वांत जास्त होणारी चूक म्हणजे उंचीचा वर्ग करायचा राहून जाणे; तसे झाले तर उत्तर ३९.५ येते आणि समोर बसलेली किंचित स्थूल बाई कागदावर अतिस्थूल ठरते. उंची मीटरमध्ये न बदलता सेंटिमीटरमध्येच ठेवली, तर उत्तर शून्याच्या जवळ जाते. प्रौढ माणसाचा बीएमआय बहुतेक वेळा १५ ते ४० च्या दरम्यान असतो. उत्तर सांगण्याआधी आकडा या मर्यादेत आहे का आणि तो समोरच्या माणसाशी जुळतो का, हे पाहण्याची सवय लावली, तर अशा चुका परीक्षकांच्या आधी स्वतःलाच सापडतात.

आता २६ या आकड्याचा अर्थ काय लावायचा? जागतिक आरोग्य संघटनेच्या सर्वसाधारण वर्गीकरणात १८.५ ते २४.९ हा सामान्य गट आहे, २५ पासून अतिवजन आणि ३० पासून स्थूलता सुरू होते. आशियाई लोकांमध्ये मात्र कमी बीएमआयलाही मधुमेह आणि हृदयविकाराचा धोका दिसतो, म्हणून २००४ साली याच संघटनेच्या तज्ज्ञगटाने मूळ वर्गीकरण कायम ठेवून २३ आणि २७.५ हे कृतीचे जादा टप्पे सुचवले. भारतीय तज्ज्ञांनी २००९ साली प्रसिद्ध केलेल्या एकमताच्या निकषांत तर २३ पासून अतिवजन आणि २५ पासून स्थूलता धरली आहे. याच काळातले एक उदाहरण महाराष्ट्रातले आहे आणि ते प्रत्येक विद्यार्थिनीला माहीत असावे असे मला मनापासून वाटते. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली स्वतःचीच मोजमापे प्रसिद्ध केली. दोघांचाही बीएमआय २२.३ होता, पण युडकिन यांच्या शरीरात ९.१ टक्के चरबी होती, तर याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. भारतीयांसाठी खालचा निकष का, या प्रश्नाला याहून थेट उत्तर मला माहीत नाही. तेव्हा आपल्या उदाहरणातले उत्तर असे द्यावे : "बीएमआय २६ आहे. जागतिक निकषाने ही स्त्री अतिवजन गटात येते, भारतीय निकषाने स्थूल गटात. ती भारतीय असल्यामुळे मी भारतीय निकष लावते आणि सोबत कमरेचा घेर मोजते, तो ८० सेंटिमीटर किंवा जास्त असेल तर पोटाच्या चरबीचा धोका नोंदवते."

कमरेच्या घेराचा मुद्दा कोल्हापुरात आणखी एका कारणाने महत्त्वाचा आहे. तालमीत रोज मेहनत करणाऱ्या १७० सेंटिमीटर उंचीच्या पैलवानाचे वजन ९० किलो असेल, तर त्याचा बीएमआय ३१ च्या पुढे जातो. त्यातले किती वजन स्नायूंचे आणि किती चरबीचे, हे बीएमआय सांगू शकत नाही. तेच वजन आणि तीच उंची असलेल्या, दिवसभर दुकानात बसणाऱ्या माणसाचाही आकडा अगदी तोच येतो. पुरुषांसाठीची घेराची मर्यादा ९० सेंटिमीटर आहे आणि दोघांमधला फरक बहुधा तीच टेप दाखवते.

आदर्श वजनाचा इतिहास अधिक गुंतागुंतीचा आहे. फ्रेंच शल्यचिकित्सक पॉल ब्रोका यांच्या नावाने ओळखला जाणारा ‘सेंटिमीटरमधली उंची वजा १००’ हा नियम एकोणिसाव्या शतकातला आहे. विसाव्या शतकात अमेरिकेतील मेट्रोपॉलिटन लाइफ या विमा कंपनीने १९४२-४३ मध्ये ‘आदर्श’ वजनांचे आणि १९५९ मध्ये ‘इष्ट’ वजनांचे तक्ते काढले. विमा उतरवलेल्यांपैकी कोणत्या वजनाचे लोक सर्वांत जास्त जगले, एवढाच त्यांचा आधार होता. हे लोक म्हणजे विम्याचा हप्ता भरू शकणारा अमेरिकी वर्ग. त्यांची वजने कपड्यांसह घेतलेली होती आणि लहान, मध्यम, मोठा बांधा कसा ठरवायचा याचे मोजमाप त्या जुन्या तक्त्यांत दिलेलेच नव्हते. १९६४ साली अमेरिकी डॉक्टर हॅमवी यांनी मधुमेहींच्या आहारासाठी एक सोपा नियम दिला : स्त्रीसाठी पाच फुटांना १०० पौंड आणि पुढच्या प्रत्येक इंचाला ५ पौंड. १९७४ चे डिव्हाइन यांचे सूत्र औषधाची मात्रा ठरवण्यासाठी होते, आहारासाठी नव्हतेच.

आपल्या उदाहरणातली स्त्री जवळजवळ पाच फुटांची आहे. ब्रोकाने तिचे आदर्श वजन ५२ किलो येते, हॅमवीने सुमारे ४५.५ किलो येते आणि बीएमआय २२ धरून उलट गणित केले तर ५१ किलोच्या जवळ येते. साडेसहा किलोंचा हा फरक पाहून गोंधळणाऱ्या विद्यार्थिनी बऱ्याच असतात. पण तिन्ही गणिते बरोबर आहेत, त्यांचे मूळ वेगळे आहे. भारतीय निकषातील सामान्य बीएमआयची वरची मर्यादा २२.९ धरली तर तिच्यासाठी ती साधारण ५३ किलोंना येते. म्हणून "मी ५० किलो हे वजन धरले, ते बीएमआयच्या सामान्य पट्ट्यात बसते आणि ब्रोकाच्या उत्तराशीही जवळ जाते" असे सांगणे, एकच सूत्र घोकून सांगण्यापेक्षा जास्त पटते.

ऊर्जेच्या गरजेचा प्रश्न प्रयोगशाळेतून आला. अमेरिकेतील हॅरिस आणि बेनेडिक्ट यांनी १९१९ साली १३६ पुरुष आणि १०३ स्त्रियांच्या श्वासातील वायूंच्या मोजमापांवरून मूलभूत चयापचयाची, म्हणजे बीएमआरची समीकरणे बसवली. ती आजही प्रात्यक्षिकांच्या जर्नलमध्ये लिहिली जातात. १९८५ साली आंतरराष्ट्रीय अन्न आणि आरोग्य संघटनांनी वयोगटानुसार फक्त वजनावर आधारलेली सोपी समीकरणे दिली. भारतीयांचा बीएमआर त्यांनी सांगितलेल्यापेक्षा सुमारे ५ टक्के कमी येतो असे दिसल्याने भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने, म्हणजे आयसीएमआरने, ती तेवढी खाली आणली. १८ ते ३० वयाच्या स्त्रीसाठी २०१० च्या अहवालातले समीकरण ‘१४ × वजन + ४७१’ असे आहे.

आपल्या स्त्रीचे आजचे ६० किलो वजन घातले तर बीएमआर १३११ किलोकॅलरी येतो, तर हॅरिस-बेनेडिक्टने तोच सुमारे १३८० येतो. फरक इथेही सुमारे पाच टक्क्यांचाच आहे. दिवसाच्या खर्चासाठी बीएमआरला श्रमाच्या गुणकाने गुणतात; बैठ्या कामासाठी २०१० चा गुणक १.५३ आहे, म्हणून आजचा खर्च २००० च्या आसपास. वजन ५० किलो धरले तर बीएमआर ११७१ आणि गरज सुमारे १७९०. नेमके कोणते वजन घातले, हे उत्तरात पहिल्यांदा सांगावे. आजच्या वजनाने आजचा खर्च कळतो आणि आदर्श वजनाने पोहोचायचे ठिकाण. बरेचदा दोन्ही मिसळतात : १७९० मधून वजन कमी करण्यासाठी आणखी ५०० वजा होतात आणि आहार १२९० वर येतो, म्हणजे एकाच वजनाची सूट दोनदा दिली जाते. घरची कामे करते म्हणून तिला मध्यम श्रमाच्या गटात टाकून १.८ ने गुणणे ही याच्या उलट चूक आहे आणि तिने आकडा २३६० च्या जवळ जातो.

जुन्या वह्यांतून उतरलेल्या उत्तरांना २०२० साली मोठा धक्का बसला. आयसीएमआर आणि हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या त्या वर्षीच्या अहवालात बैठ्या कामाचा गुणक १.४ झाला आणि बीएमआरही आणखी खाली धरला गेला. त्यामुळे अहवालात नमुना म्हणून धरलेल्या ५५ किलोच्या संदर्भ स्त्रीची बैठ्या कामातली गरज २०१० मधल्या १९०० वरून १६६० झाली. हा २४० किलोकॅलरींचा फरक म्हणजे सुमारे ७० ग्रॅम पिठाची ज्वारीची एक भाकरी. आहार लिहून देताना ती ताटात राहते की जाते, हे कोणत्या वर्षीचा आकडा वापरला यावर ठरते. संदर्भ स्त्रीची ही गरज निरोगी गटासाठी सांगितलेली आहे, पतसंस्थेतल्या या एका स्त्रीसाठी नव्हे, हेही उत्तरात यायला हवे. तिच्यासाठी १६०० च्या आसपास सुरुवात करून, दोन-तीन आठवड्यांनी त्याच काट्यावर, त्याच वेळी, अनवाणी वजन घेऊन आकडा बदलावा लागतो, कारण कोणतेही समीकरण तिच्या स्वतःच्या शरीरावर बसवलेले नाही.