‘ठीक आहे.’ : टिंबाला राग कुठून आला?

मराठीतला पूर्णविराम तसा उशिराचा पाहुणा. मोडीत शब्दांमध्येसुद्धा जागा सोडायची पद्धत नव्हती, तिथे विरामचिन्हे कुठली? एकोणिसाव्या शतकात मेजर कँडी यांनी इंग्रजीच्या धर्तीवर ती छापील मराठीत रुजवली. हिंदीने उभा दंड कायम ठेवला, आपण टिंब घेतले. त्याचे काम एवढेच, की वाक्य इथे संपले हे दाखवायचे.

चॅटमध्ये हे काम पाठवण्याच्या बटणाने काढून घेतले. मेसेज गेला की वाक्य संपलेच. बहुतेकांनी टिंब सोडून दिल्यावर, जो देतो त्याने ते मुद्दाम दिले असणार असे वाटू लागले. ‘आज यायला जमणार नाही’ यावर ‘ठीक आहे’ आले तर विषय मिटतो. ‘ठीक आहे.’ आले की माणूस पुन्हा वर जाऊन आपण काय लिहिले ते वाचतो.

ही नुसती समजूत आहे का, हे अमेरिकेतल्या बिंगहॅम्टन विद्यापीठात सेलिया क्लिन आणि सहकाऱ्यांनी तपासले. १२६ विद्यार्थ्यांना छोटे संवाद वाचायला दिले. त्यांत आमंत्रणाला ‘ओके’, ‘हो’ अशा थाटाचे एका शब्दाचे उत्तर होते, कधी टिंबासह, कधी टिंबाविना. मोबाइलवरच्या मेसेजमध्ये टिंबवाले उत्तर कमी मनापासूनचे वाटले. तेच उत्तर हाताने लिहिलेल्या चिठ्ठीत दाखवले तेव्हा फरक पडला नाही. २०१५ च्या अखेरीस हे निष्कर्ष बातम्यांत आले आणि ‘टिंब म्हणजे राग’ असा सरसकट बोभाटा झाला. प्रयोग मात्र एकशब्दी उत्तरांचा होता. चार वाक्यांच्या मेसेजमध्ये मधली टिंबे कुणाला खुपत नाहीत. शिवाय बऱ्याच कीबोर्डवर स्पेस दोनदा दाबली की टिंब आपोआप पडते, तेव्हा रुसण्याआधी समोरच्याच्या अंगठ्यालाही संशयाचा फायदा द्यावा.

तीन टिंबांचा घोळ पिढ्यांचा आहे. काकांचा ‘पोचलो... जेवण झाले... उद्या बोलू...’ हा मेसेज त्यांच्या लेखी नुसता दम घेत केलेला आहे; ती टिंबे स्वल्पविरामाच्या जागी आलेली असतात. पुतणीला त्यातच काहीतरी गिळून टाकलेले दिसते.

मोठ्या अक्षरांची गोष्ट संगणकाच्या जाळ्यावर आधीच ठरली होती. जुन्या टेलिप्रिंटरवर लहान लिपी नसायचीच, त्यामुळे तिथे सगळेच मोठ्या अक्षरांत यायचे आणि कुणाला ते ओरडणे वाटत नसे. लहान अक्षरे मिळाल्यावर मोठी अक्षरे हा आवाज झाला. १९९५ च्या आरएफसी १८५५ या शिष्टाचाराच्या दस्तऐवजात तर तसे स्पष्टच बजावले आहे. देवनागरीत लहान-मोठी अक्षरे नाहीत, म्हणून हे ओरडणे मराठीत फक्त रोमन लिपीतून येते: KUTHE AHES? देवनागरीत तोच आवाज काढायला प्रश्नचिन्हांची रांग लावावी लागते, नाहीतर स्वर ताणावा लागतो: कुठेएएए आहेस???