भाड्याच्या खोलीला रंग द्यायचाय? घरमालकाला परवानगीचा अर्ज असा लिहा

या अर्जाला सरकारी नमुना नाही, शुल्क नाही, स्टॅम्प पेपर लागत नाही. साध्या कागदावर पत्र लिहायचं, दोन प्रती काढायच्या आणि एकीवर मालकाची सही घ्यायची. तरी घर सोडताना अनामत रकमेवरून भांडणं होतात, कारण पत्रात "खोलीला रंग देऊ का" एवढंच लिहिलेलं असतं. कोणता रंग, आणि जाताना पहिला रंग परत कोण देणार, हे दोन्हीकडून राहून जातं.

अर्ज कोणी करायचा? करारात ज्याचं नाव आहे त्याने. लातूरला शिकवणीसाठी तीन मुलं मिळून खोली घेतात आणि करार एकाच्या वडिलांच्या नावे असतो. तिथे सही वडिलांची हवी. मालकाकडूनही करारावर सही करणाऱ्याचाच होकार घ्या. खाली राहणाऱ्या काकूंनी जिन्यात "द्या की, काय बिघडतंय" म्हटलं आणि करार पुण्यातल्या मुलाच्या नावे असेल, तर तो होकार कामाचा नाही.

त्याआधी करार काढून वाचा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 च्या कलम 55 प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. त्याच कायद्यात लेखी संमतीशिवाय कायमस्वरूपी बांधकाम करणं हे घर खाली करायला लावण्याचं एक कारण आहे. रंग म्हणजे बांधकाम नव्हे. पण बहुतेक करारांत "मालकाच्या लेखी परवानगीशिवाय कोणताही बदल करणार नाही" अशी अट असते आणि रंग तिच्यात ओढला जातो. त्या अटीचा क्रमांक पत्रात लिहा.

आता शेड. "फिकट पिस्ता" म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर एक रंग येतो, मालकाच्या दुसराच. दुकानातून शेड कार्ड आणून कंपनी, शेडचं नाव आणि क्रमांक लिहा. मोबाइलवरचा फोटो पाठवून भागत नाही, पडद्यावरचा रंग भिंतीवर वेगळा दिसतो. जमलं तर कोपऱ्यात दोन फूट बाय दोन फुटांचा नमुना मारून दाखवायची तयारी पत्रातच कळवा.

लातूरमधल्या एका घरासाठी मसुदा असा होईल:

"आदरणीय काका, स. न. वि. वि. आपल्या घराच्या वरच्या मजल्यावरील पूर्वेकडच्या 10 बाय 12 फुटांच्या खोलीला फिकट पिस्ता रंग द्यावा असा विचार आहे. शेड कार्डाची पट्टी सोबत जोडली आहे, कंपनी, शेडचं नाव आणि क्रमांक तिच्यावर आहे. करारातील अट 9 नुसार आपली लेखी परवानगी मागत आहे. फक्त चार भिंती रंगवू. छत, दारं-खिडक्या आणि बाहेरची बाजू आहे तशीच राहील. सध्याचा रंग पांढरा आहे, त्याचे फोटो जोडले आहेत. खर्च मी करीन, भाड्यातून वळता करणार नाही. घर सोडताना रंग तसाच ठेवायचा की पुन्हा पांढरा करून द्यायचा, हे आपण खाली लिहून सही करावी. आपला भाडेकरू."

सोबत कराराची प्रत, शेडची पट्टी, भिंतींचे तारखेसह फोटो आणि पेंटरचा अंदाज द्या. अंदाज स्वतःही पडताळता येतो. या खोलीचा घेर 44 फूट, उंची 10 धरली तर 440 चौरस फूट. दार-खिडकीचे 50 वजा करून 390. प्लास्टिक इमल्शनचे दोन हात द्यायला एका लिटरमध्ये साधारण 65 चौरस फूट होतात, म्हणजे सहा लिटर. गडद निळा किंवा मरून निवडलात तर परत पांढरं करताना प्रायमर आणि एखादा जास्तीचा हात लागतो. मालक गडद रंगाला का नाही म्हणतात ते इथे कळतं.

भिंत आधी हाताने पुसून बघा. जुन्या घरांत चुन्याचे थरावर थर असतात. तळहाताला पांढरी पूड लागली तर खरवडल्याशिवाय इमल्शन टिकणार नाही, पोपडे सुटतील. खालच्या दोन-तीन फुटांत ओल किंवा खार दिसत असेल तर पत्रात स्पष्ट लिहा, फोटो लावा. ती दुरुस्ती रंगाच्या आधीची आणि मालकाच्या वाट्याची. लिहिलं नाही तर पुढे "तुमच्या रंगानेच भिंत खराब झाली" हे ऐकावं लागेल.

उत्तर आलं नाही म्हणजे होकार मिळाला असं समजू नका. आठवड्याने आठवण करा. मालक परगावी असतील तर पत्राचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवा, शेडच्या क्रमांकासह "परवानगी आहे" असं लेखी उत्तर मागा आणि ते जपून ठेवा. अकरा महिन्यांनी नवा करार होईल तेव्हा त्यात खोलीचा आताचा रंग आणि ही परवानगी एका ओळीत घालून घ्या, नाहीतर नव्या कागदावर खोली पुन्हा पांढरीच राहते.