अॅनिमेशनसाठी घरी आवाज रेकॉर्ड करून पाठवताय? आधी हे वाचा

"पंखा बंद होता, खिडक्या लावल्या होत्या, मग परत रेकॉर्ड करा का म्हणता?" हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक कामात येतो, म्हणून एकदाच लिहून ठेवतोय. बहुतेक वेळा प्रॉब्लेम गोंगाटाचा नसतोच, घुमण्याचा असतो. हॉलमध्ये टीपॉयवर फोन, तुम्ही सोफ्यावर, मध्ये तीन फूट अंतर, खाली टाइल्स नाहीतर कोटा आणि भिंती मोकळ्या. मग आवाज फोनमध्ये आधी थेट तोंडातून जातो आणि लगेच मागोमाग भिंतींवर आपटून परत जातो.

पंख्याची घरघर एकसारखी असते, तिचा नमुना घेऊन ती बरीच खाली आणता येते. घुमणं म्हणजे तुमचाच आवाज, जरा उशिरा आलेला, तो काढायला गेलं की मूळ शब्दही सोलला जातो. सॉफ्टवेअर आहेत आमच्याकडे, थोडाफार फरक पडतो, पण जोरात लावलं की माणूस पाण्याखालून बोलतोय असं वाटतं.

साध्या व्हिडिओत माणूस हॉलमध्ये बसलेला दिसतो म्हणून हे खपून जातं. आपल्या अॅनिमेशनमधला कोल्हा मात्र जंगलात उभा असतो, त्याचा आवाज हॉलमधला आला की चित्र कितीही छान असू दे, लगेच खोटं वाटतं. गुहेचा सीन असेल तर गुहेचं घुमणं आम्ही नंतर घालतो, ते न घुमलेल्या, कोरड्या आवाजावरच नीट बसतं. शिवाय कॅरेक्टरचं तोंड आम्ही तुमच्या आवाजावरून हलवतो, प-ब-म आला की ओठ मिटायला हवेत, आणि तेच वाक्य तुम्ही नंतर परत बोललात की टायमिंग हलतं, सेकंदाला २५ फ्रेम धरल्या तर पाच-सहा फ्रेमचा फरकही डोळ्यांना दिसतो आणि तोंडाचं काम परत करावं लागतं. म्हणून आवाज पास झाल्याशिवाय आम्ही अॅनिमेशन सुरू करत नाही. काहींना ही कटकट वाटते, पण बिल वाढण्यापेक्षा बरी.

मग करायचं काय, तर फोन जवळ आणा. तोंडापासून एक वीत, आणि समोर नाही, जरा बाजूला, म्हणजे फ-भ ची फुंकर थेट माइकवर बसत नाही. तीन फुटांवरून पाऊण फुटावर आलात की थेट आवाज सुमारे १२ डीबीने वाढतो आणि खोलीचं घुमणं आहे तेवढंच राहतं. महागडा माइक लांब ठेवण्यापेक्षा साधा फोन जवळ कधीही चांगला. जागा म्हणून कपड्यांनी भरलेलं कपाट उघडा आणि त्याच्याकडे तोंड करून बोला, पाठीमागे मच्छरदाणीच्या दांड्यांवर गोधडी टाका. अंड्यांचे ट्रे भिंतीला चिकटवू नका, त्यांनी फारसं काही होत नाही.

आता ओरडायचं वाक्य असेल तर? मागे एका गोष्टीत राक्षसाचा आवाज मुलाच्या बाबांनीच दिला होता, "कोण आहे रे तिकडे?" एक वीत अंतरावरून जोरात, आणि "कोण" चरचरलं. असं झालं की स्क्रीनवर आवाजाच्या लाटांची टोकं कापल्यासारखी सपाट दिसतात, ते नीट दुरुस्त होत नाही. आम्ही त्यांना सांगितलं, त्याच कपाटासमोर राहा, फोन हातभर लांब धरा, मान थोडी वळवा आणि आवाज पोटातून काढा पण निम्म्या जोराने. राक्षसाचा भारीपणा आम्ही नंतर वाढवला. तेव्हा सर्वात मोठं वाक्य आधी टेस्ट करा, लेव्हल दिसत असेल तर टोक उणे ६ डीबीच्या वर जाऊ देऊ नका.

पास-नापास घरीच कळतं. इयरफोन लावा, फोनच्या स्पीकरवर नाही, आणि "बस्" म्हणून गप्प राहिलात ती जागा ऐका. शब्दानंतर लगेच शांत झालं तर छान, "बस्स्स्" असं लांबत गेलं तर खोली बदला.

स्वस्त यूएसबी माइक घेतला असेल तर बोलायची बाजू तपासा, पुष्कळ माइक बाजूने ऐकतात आणि लोक वरून बोलतात. कॉलर माइक साडीवर नाहीतर ओढणीवर लावला की सळसळतो. ब्लूटूथ इयरफोनवर रेकॉर्ड करूच नका, आवाज फोनकॉलसारखा येतो.

सुरुवातीला दहा सेकंद कुणीही न बोलता रेकॉर्डिंग चालू ठेवा, घरघरीचा नमुना आम्हाला तिथूनच मिळतो. स्वतः कुठल्या ॲपमध्ये "क्लीन" करून पाठवू नका. व्हॉट्सॲपवर व्हॉइस नोट नको, रेकॉर्डिंगची मूळ फाइल डॉक्युमेंट म्हणून टाका, शक्यतो डब्ल्यूएव्ही.

पूर्ण स्क्रिप्टच्या आधी दोन वाक्यं पाठवा, एक हळू, एक मोठं, ती आम्ही फुकट तपासून देतो. घरात जमतच नसेल तर आमच्याकडे छोटा बूथ आहे, लहान मुलं असतील तर आईबाबा आत बसू शकतात, दर फोनवर विचारा. उत्तरायणाच्या दिवसांत गच्चीगच्चीवर स्पीकर असतात आणि नवरात्रात गरबा रात्री उशिरापर्यंत, त्या आठवड्यांचं बुकिंग मात्र आधीच करा, बडोद्यात तेव्हा कपाटसुद्धा कामाला येत नाही.