बहिर्वक्र भिंगाची किरणाकृती: वस्तू जवळ आणली की प्रतिमा कुठे जाते?

आमचा भिंगसंच घेतल्याबद्दल आभार. संचातल्या बहिर्वक्र भिंगाचे नाभीय अंतर १० सेंमी आहे आणि वस्तू म्हणून दिलेला उजळ बाण २ सेंमी उंच आहे. खालची सगळी गणिते याच मापांवर केली आहेत.

बहुतेकजण वस्तूच्या प्रत्येक स्थानासाठी नवी आकृती काढतात आणि सहा आकृत्या पाठ करत बसतात. आमच्या मते एकच आकृती पुरते, कारण तिच्यातला एक किरण कधीच हलत नाही.

आलेखकागद घ्या. आडवा अक्ष काढून मधोमध भिंगासाठी एक उंच उभी रेघ मारा. आडव्या दिशेने कागदावरचा १ सेंमी म्हणजे प्रत्यक्षातले ५ सेंमी धरा. उभ्या दिशेने माप जसेच्या तसे ठेवा. दोन दिशांची प्रमाणे वेगळी असली तरी सरळ रेषा सरळच राहतात. आता रेघेच्या दोन्ही बाजूंना २ सेंमीवर नाभी येतील. किरण या रेघेवरच एकदा वळवायचा. भिंगाच्या दोन पृष्ठभागांवर वेगवेगळा वळवू नका. खऱ्या भिंगाच्या काठापलीकडे किरण गेला तरी बिघडत नाही, रेघ खुशाल वाढवा. प्रतिमेची जागा त्याने बदलत नाही.

बाणाच्या टोकातून अक्षाला समांतर निघालेला किरण भिंगानंतर पलीकडच्या नाभीतून जातो. बाण अक्षावर कुठेही सरकवा, टोकाची उंची तीच, म्हणून हा वळलेला किरणही तोच. ही रेषा लाल पेन्सिलीने एकदाच काढा. दुसरा किरण प्रकाशीय केंद्रातून न वळता सरळ जातो. बाण जवळ येईल तसा फक्त हाच अधिकाधिक तिरपा होतो. तो लाल रेषेला जिथे छेदेल तिथे प्रतिमेचे टोक.

बाण ३० सेंमीवर ठेवा. केंद्रातली रेषा बरीच सपाट असते आणि लाल रेषेला १५ सेंमीवरच गाठते. प्रतिमा उलटी, १ सेंमी उंच. बाण २० वर आणला की प्रतिमाही २० वर आणि बाणाएवढीच. १५ वर आणला की ती ३० वर जाते आणि दुप्पट होते. १२ वर मात्र प्रतिमा एकदम ६० सेंमीवर, पाचपट, म्हणजे १० सेंमी उंच. दोन रेषा जवळजवळ समांतर झाल्या की त्यांचा छेदबिंदू असाच लांब पळतो. म्हणून इथे मोजताना जपावे लागते. बाण ३० वर असताना १ मिलिमीटर चुकला तर प्रतिमा पाव मिलिमीटर सरकते. १२ वर तेवढीच चूक तिला सुमारे अडीच सेंमी हलवते. शिवाय प्रकाश मोठ्या क्षेत्रावर पसरल्याने प्रतिमा फिकी पडते, तेव्हा खोलीत अंधार करा.

बाण बरोबर नाभीवर, १० सेंमीवर आला की दोन्ही रेषा समांतर होतात आणि प्रतिमा अनंत अंतरावर जाते. कुठलाही पडदा तिथवर पोहोचणार नाही.

बाण त्याहून आत घेतला की केंद्रातली रेषा लाल रेषेपेक्षा जास्त तिरपी होते. पलीकडे त्या एकमेकींपासून दूरच जातात. दोन्ही रेषा तुटक रेघेने मागे, बाणाच्या बाजूला वाढवा. बाण ५ सेंमीवर असेल तर त्या भिंगापासून १० सेंमीवर, अक्षाच्या वर ४ सेंमी उंचीवर भेटतात. ही प्रतिमा सुलटी, दुप्पट आणि आभासी. बाण आणखी आत नेला तर ती वाढत नाही, उलट लहान होत बाणाच्या आकाराकडे येते. ८ सेंमीवर ती पाचपट होती. सगळ्यात मोठी प्रतिमा नाभीच्या लगत मिळते, भिंगाला चिकटून नव्हे.

आमच्याकडे दोन तक्रारी वारंवार येतात. पहिली, ‘बाण आत नेल्यावर पडद्यावर नुसता धूसर उजेड दिसतो.’ भिंग ठीक आहे. आभासी प्रतिमा पडद्यावर पडत नाही. पडदा काढा आणि पलीकडून भिंगातून पाहा. दुसरी, ‘भिंग कितीही सरकवले तरी चित्र स्पष्ट होत नाही.’ आधी बाण आणि पडदा यांच्यातले अंतर मोजा. ते नाभीय अंतराच्या चौपटीहून, म्हणजे ४० सेंमीहून कमी असेल तर स्पष्ट वास्तव प्रतिमा मिळूच शकत नाही. बरोबर ४० ला भिंगाची एकच जागा जमते, मधोमध. पडदा ४५ वर नेलात तर दोन जागा सापडतील: भिंग बाणापासून १५ वर असताना दुप्पट प्रतिमा आणि ३० वर असताना निम्मी.