दोन गाड्या आणि एकच x

अ आणि ब या स्थानकांमध्ये ४४० किलोमीटर अंतर आहे. अ वरून सकाळी ८ वाजता एक गाडी ताशी ६० किलोमीटर वेगाने ब कडे निघते. ब वरून साडेनऊला दुसरी गाडी ताशी ८० किलोमीटर वेगाने अ कडे निघते. दोघी एकमेकींना किती वाजता भेटतील?

बहुतेक जण इथे लगेच 'वेळ x मानू' असं लिहून मोकळे होतात, आणि घोळ तिथेच सुरू होतो. वेळ कोणाची? पहिल्या गाडीची की दुसरीची? x म्हणजे 'पहिली गाडी निघाल्यापासून भेटीपर्यंतचे तास' असं पूर्ण वाक्य लिहिलं, की पुढचं आपोआप सुचतं. दुसरी गाडी दीड तास उशिरा निघाली, म्हणजे ती भेटीपर्यंत दीड तास कमी धावली: (x − १.५) तास. हा दीड तास १.३० असा लिहू नका. तीस मिनिटं म्हणजे अर्धा तास.

आता भेटीच्या क्षणाचं चित्र डोळ्यांसमोर आणा. एकीने अ पासूनचा तुकडा कापलाय, दुसरीने ब पासूनचा, आणि दोन्ही तुकडे जोडले की पूर्ण रूळमार्ग होतो. समीकरण म्हणजे हेच चित्र:

६०x + ८०(x − १.५) = ४४०

१४०x − १२० = ४४०, म्हणून x = ४. भेट दुपारी १२ वाजता. पडताळा घेऊ: पहिली ४ तासांत २४० किलोमीटर, दुसरी अडीच तासांत २००. बेरीज ४४०.

काही जण ६०x = ८०(x − १.५) असं मांडतात. त्यातून x = ६ येतो, आणि प्रत्येक गाडी ३६० किलोमीटर धावलेली दिसते. एकूण ७२०, मग रूळ ४४० चाच कसा? खरं तर हे समीकरण चुकीचं नाही, फक्त वेगळ्याच गणिताचं आहे: दोन्ही गाड्या एकाच स्थानकावरून एकाच दिशेने निघाल्या, तर मागची पुढचीला कधी गाठेल, याचं.

वजाऐवजी अधिक, म्हणजे (x + १.५), लिहिलं तर x सुमारे २.२९ येतो, म्हणजे भेट सव्वादहाच्या सुमारास. तोवर पहिली १३७ किलोमीटर गेलेली असते. दुसरीला निघून पाऊण तासच झालेला, म्हणजे ती जेमतेम ६३. दोघींमध्ये अजून २४० किलोमीटर शिल्लक!

एक गंमत मात्र समीकरण स्वतःहून सांगत नाही. अंतर ४४० ऐवजी ८० किलोमीटर असतं, तर १४०x = २००, म्हणजे x सुमारे १.४३. आकडा दिसायला सरळ आहे, पण x − १.५ ऋण झाला: दुसरी गाडी निघण्याआधीच भेट! प्रत्यक्षात पहिली गाडी ९ वाजून २० मिनिटांनी ब ला पोहोचलेली असते आणि दुसरी अजून फलाटावरच उभी असते. म्हणून समीकरणाशेजारी x ≥ १.५ ही अटही लिहायला हवी.